सणाच्या रजेचा अर्ज, जेव्हा तारखा रेल्वेचे तिकीट ठरवते

रजेचा अर्ज आपण सणाच्या तारखा पाहून लिहितो आणि प्रवास मात्र तिकीट मिळेल त्या तारखेला करतो. या दोहोंत एका दिवसाचा फरक पडला, तर चार दिवसांची रजा आठ दिवसांची होऊ शकते. बेंगळूरला खासगी कंपनीत नोकरी करणारे खानापूर, बेळगाव, चिकोडी, रायबाग भागातील मराठी लोक गणपतीला गावी येतात तेव्हा नेमके हेच घडते, आणि ऑगस्टअखेर पोर्टलवर अर्ज टाकेपर्यंत त्यांच्या हातात काही उरलेले नसते. म्हणून या लेखात २०२६ च्या गणेश चतुर्थीचे उदाहरण घेऊन तिकीट आणि रजा यांची सांगड कोणत्या क्रमाने घालावी हे मांडले आहे.

उदाहरणातील माणूस असा समजा. घर खानापूर तालुक्यातील एका गावात, नोकरी बेंगळूरच्या कंपनीत, आठवड्याची सुट्टी शनिवार-रविवार. घरचा गणपती पाच दिवसांचा. चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबर २०२६ रोजी आहे, म्हणजे पाचव्या दिवसाचे विसर्जन शुक्रवारी १८ तारखेला येते. ज्यांच्या घरी गौरीबरोबर गणपती जातो त्यांनी कॅलेंडरमध्ये गौरी विसर्जनाचा दिवस पाहून पुढील हिशेब त्यानुसार सरकवावा. पद्धत तीच राहते.

आधी तारखा कागदावर मांडा

सणाच्या मागचे आणि पुढचे दोन्ही शनिवार-रविवार धरून एक पट्टी काढावी. आपल्या उदाहरणात ती शुक्रवार ११ सप्टेंबरपासून सोमवार २१ सप्टेंबरपर्यंत जाते. ११ तारखेला दिवसभर काम करून रात्रीच्या गाडीने निघायचे आणि १२ तारखेला सकाळी गावी पोहोचायचे. १२ व १३ हे शनिवार-रविवार आरास, बाजार आणि घराची साफसफाई यांत जातात. १४ तारखेला सणाची सुट्टी, १५ ते १८ हे चार दिवस रजा, १९ व २० पुन्हा शनिवार-रविवार, आणि २० च्या रात्री निघून २१ ला सकाळी कामावर. एकूण चार दिवसांच्या रजेत गावी नऊ दिवस मिळतात. हा आदर्श आराखडा झाला.

यात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती तपासून घ्यावी. कर्नाटकात १९६३ च्या औद्योगिक आस्थापना सुट्टी कायद्यानुसार २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर या सुट्ट्या ठरलेल्या असतात, आणि त्यांखेरीज पाच सणांच्या सुट्ट्या द्याव्या लागतात. ते पाच सण कोणते हे आस्थापनेनुसार बदलू शकते. गणेश चतुर्थी बहुतेक ठिकाणी त्यांत असते, परंतु परदेशी ग्राहकांच्या वेळापत्रकावर चालणाऱ्या काही कंपन्या काही सण ऐच्छिक सुट्टीच्या यादीत टाकतात. तसे असेल तर १४ तारीख ऐच्छिक सुट्टी म्हणून वेगळी मागावी लागते, आणि ती मागायची राहिली तर बाकी सगळा हिशेब बरोबर असूनही एक दिवस बिनपगारी होतो. वर्षाच्या सुरुवातीला लावलेली सुट्ट्यांची यादी उघडून पाहणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

मधल्या सुट्ट्या रजेत मोजतात का, हे तिकिटाआधी विचारा

पुष्कळ कंपन्यांत असा नियम असतो की रजेच्या दोन दिवसांच्या मध्ये आलेली आठवड्याची सुट्टी किंवा सणाची सुट्टीही रजेतच मोजली जाते. लोक याला सँडविच नियम म्हणतात. रजेच्या आधी किंवा नंतर लागून आलेली सुट्टी मात्र सहसा मोजली जात नाही. आपल्या आदर्श आराखड्यात रजा १५ ला सुरू होते आणि १८ ला संपते. तिच्या आधीचे तीन दिवस आणि नंतरचे दोन दिवस बाहेरच राहतात, म्हणून रजा चारच दिवसांची होते.

आता शुक्रवार रात्रीचे तिकीट मिळाले नाही आणि घाईत गुरुवार १० तारखेच्या रात्रीचे काढले, असे समजा. शुक्रवारी ११ ला माणूस गावी आहे, म्हणून त्या दिवसाची रजा टाकावी लागते. आपल्या मते रजा चारांऐवजी पाच दिवस झाली. परंतु सँडविच नियमानुसार ११ ची रजा आणि १५ ची रजा यांच्या मध्ये शनिवार, रविवार आणि सणाचा सोमवार अडकतात, आणि ११ ते १८ असे सलग आठ दिवस खात्यातून वजा होतात. परतीलाही असेच होते. रविवार २० ऐवजी सोमवार २१ च्या रात्रीचे तिकीट निघाले तर २१ ची रजा टाकावी लागते आणि १९-२० ही मध्ये सापडतात, म्हणजे १५ ते २१ असे सात दिवस जातात. दोन्ही टोकांना एकेक दिवस सरकला तर ११ ते २१ असे अकरा दिवस होतात. पुढे दिवाळी आणि गावची जत्रा असताना अकरा दिवस एका गणपतीत घालवणे बहुतेकांना परवडत नाही.

त्यामुळे मनुष्यबळ विभागाला दोन प्रश्न लेखी विचारावेत. मधली आठवड्याची सुट्टी आणि मधली सणाची सुट्टी या दोन्ही रजेत मोजल्या जातात का, कारण काही ठिकाणी पहिली मोजतात व दुसरी सोडतात. आणि अर्ध्या दिवसाची रजा किंवा घरून केलेले काम मध्ये आले तर ती साखळी तुटते का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर गुरुवारच्या तिकिटाचाही उपयोग होतो. शुक्रवारी गावातून काम करण्याची परवानगी मिळाली तर रजा पुन्हा चार दिवसांवर येते. मात्र खानापूरच्या पश्चिमेकडील जंगलालगतच्या गावांत पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसतो. तेथील माणसाने त्या दिवशी बेळगाव किंवा खानापूर शहरात एखाद्या नातेवाइकाकडे बसून काम करावे, आणि ते जमणार नसेल तर असे आश्वासन देऊच नये.

आरक्षण उघडण्याचे दिवस

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. प्रवासाचा दिवस त्यात धरत नाहीत. आरक्षण सकाळी ८ वाजता उघडते. या हिशेबाने शुक्रवार ११ सप्टेंबरच्या गाडीचे आरक्षण सोमवार १३ जुलैला उघडते आणि रविवार २० सप्टेंबरच्या परतीच्या गाडीचे बुधवार २२ जुलैला. दोहोंत नऊ दिवसांचे अंतर आहे, म्हणजे जाण्याचे तिकीट काढताना परतीचे मिळेल की नाही हे कोणालाच ठाऊक नसते. साहेबांना हे अंतर आधी समजावून सांगितले नाही, तर जुलैच्या मध्यात एक तारीख आणि अखेरीस दुसरी तारीख कळवणारा माणूस त्यांना चंचल वाटतो.

या वेळापत्रकात आणखी एक फसवी गोष्ट आहे. गुरुवारच्या गाडीचे आरक्षण शुक्रवारच्या आधी उघडते, रविवारी १२ जुलैला. सुट्टीचा दिवस, हातात मोबाइल आणि समोर रिकाम्या जागा. ‘हे तरी घेऊन ठेवू’ असे वाटते आणि आठ दिवसांच्या रजेची पायाभरणी होते. सँडविच नियम असलेल्या कंपनीत काम करणाऱ्याने हा मोह टाळावा. शुक्रवारचे न मिळाल्यास दुसरा पर्याय शनिवार १२ सप्टेंबरची रात्र हा असावा, ज्याचे आरक्षण १४ जुलैला उघडते. शनिवारी निघून रविवारी सकाळी पोहोचल्यास गावचा एक दिवस कमी होतो, पण रजा चारच दिवसांची राहते आणि प्रतिष्ठापनेला माणूस घरी असतो. घरचे ‘एक दिवस आधी ये’ म्हणत राहतात. तो एक दिवस रजेच्या खात्यात किती पडतो हे त्यांना एकदा सांगून टाकावे.

परतीचा क्रम उलटा लागतो. शनिवार १९ च्या रात्रीचे आरक्षण २१ जुलैला, म्हणजे रविवारच्या गाडीच्या आरक्षणाआधी एक दिवस उघडते. येथे आधी उघडणारे तिकीट उपयोगी आहे, कारण विसर्जन शुक्रवारी संध्याकाळी झालेले असते आणि शनिवारी रात्री निघाले तरी रजा वाढत नाही. २२ तारखेला रविवारचे मिळाले तर शनिवारचे रद्द करावे. प्रवासाच्या पुष्कळ आधी रद्द केलेल्या कन्फर्म तिकिटावर वर्गानुसार ठरलेली रक्कम कापून बाकीचे पैसे परत मिळतात. गाडीची वेळ जवळ येते तशी वजावट भाड्याच्या टक्केवारीने वाढत जाते. दोन महिने आधी हा खर्च सोसण्यासारखा असतो.

या मार्गावर रात्रीसाठी राणी चन्नम्मा एक्सप्रेस आणि बेंगळूर-बेळगाव सुपरफास्ट या गाड्यांवर बहुतेकांची भिस्त असते. १० ऑगस्ट २०२५ पासून बेंगळूर-बेळगाव वंदे भारतही सुरू झाली आहे. ती दिवसाची बैठी गाडी आहे, बेळगावातून पहाटे निघते आणि दुपारी बेंगळूरला पोहोचते. बुधवारी धावत नाही. रविवारी रात्रीचे काहीच मिळाले नाही तर रविवार पहाटेची ही गाडी रजा न वाढवता परत नेते, फक्त गावातून बेळगाव स्थानक गाठायला अंधारातच निघावे लागते. निपाणीला रेल्वे नाही, त्यामुळे तिकडच्या लोकांनी चिकोडी रोड किंवा बेळगाव या दोन्ही स्थानकांवरून जागा पाहाव्यात आणि स्थानकापर्यंतच्या बसचा वेळ त्यात मिळवावा.

तारखांच्या बाबतीत दोन बारकावे ध्यानात ठेवावेत. साठ दिवस गाडी जेथून सुटते तेथील तारखेवरून मोजले जातात. दादरहून रात्री निघणारी गाडी बेळगावला दुसऱ्या दिवशी पोहोचते, तेव्हा बेळगावहून त्या गाडीत बसणाऱ्याचे आरक्षण त्याच्या हिशेबापेक्षा एक दिवस आधीच उघडलेले असते. दुसरे म्हणजे, ज्या गाडीत आपण मध्यरात्रीनंतर चढतो तिच्या तिकिटावर पुढची तारीख असते. ‘शुक्रवारी रात्री निघतो’ म्हणणाऱ्याच्या तिकिटावर शनिवार ००.२० असे असू शकते, आणि घाईत शुक्रवारची तारीख निवडली तर तो गुरुवारची रात्र विकत घेऊन बसतो. तिकिटाची तारीख आणि वेळ जशीच्या तशी अर्जात लिहिली तर ही चूक अर्ज लिहिताना लक्षात येते आणि बदलायला वेळ राहतो.

आरक्षण उघडते त्या दिवशी ऑनलाइन तिकीट आधार प्रमाणित खात्यातूनच काढता येते, म्हणून ते काम आणि प्रवाशांची यादी भरून ठेवणे आदल्या आठवड्यात उरकावे. १३ जुलै हा सोमवार आहे. सकाळी ८ वाजता बसमध्ये किंवा पहिल्या बैठकीत असाल तर तो दिवस हातचा गेला. घरचे कोणी बेळगावच्या आरक्षण खिडकीवर उभे राहणार असेल तर त्यांना तारीख, गाडी, वर्ग आणि दुसरा पर्याय कागदावर लिहून द्यावा.

पहिली विचारणा जुलैच्या पहिल्या आठवड्यात

बहुतेक कंपन्यांत रजेचा अर्ज पंधरा दिवस ते महिनाभर आधी द्यावा असा प्रघात असतो, आणि रेल्वे मात्र साठ दिवस आधी निर्णय मागते. ही दरी भरून काढण्यासाठी औपचारिक अर्जाच्या आधी एक छोटी लेखी विचारणा करावी. तोंडी ‘बघू, हरकत नाही’ याला ऑगस्टमध्ये साहेब बदलल्यावर अर्थ उरत नाही. विचारणा कन्नड किंवा इंग्रजी, जी कार्यालयाची भाषा असेल तिच्यात लिहावी. मजकूर साधारण असा असावा:

> महोदय, सोमवार १४ सप्टेंबरला गणेश चतुर्थी आहे. आमच्या घरचा गणपती पाच दिवसांचा असून विसर्जन शुक्रवारी १८ तारखेला आहे. यासाठी मला १५ ते १८ सप्टेंबर या चार कामाच्या दिवसांची अर्जित रजा हवी आहे. शुक्रवारी ११ तारखेला पूर्ण दिवस काम करून मी रात्रीच्या गाडीने निघेन आणि सोमवारी २१ तारखेला कामावर हजर होईन.
>
> जाण्याच्या गाडीचे आरक्षण १३ जुलैला सकाळी ८ वाजता आणि परतीचे २२ जुलैला उघडते. सणाच्या जागा लवकर संपतात, म्हणून शुक्रवार १० जुलैपर्यंत आपली तत्त्वतः संमती मिळाल्यास त्यानुसार तिकिटे काढीन. परतीचे तिकीट निश्चित होताच पोर्टलवर रीतसर अर्ज भरीन.

यात ‘पाच दिवसांचा गणपती’ हे वाक्य मुद्दाम घातले आहे. बेंगळूरमध्ये अनेक घरांत गौरी-गणेशाचा सण एक-दोन दिवसांत आटोपतो, आणि तिथल्या साहेबांना चतुर्थीला एक सुट्टी मिळाल्यावर आणखी चार दिवस कशाला हवेत हे आपोआप कळत नाही. एक वाक्य पुरते. परंपरेवर परिच्छेद लिहू नये. ११ तारखेला पूर्ण दिवस काम करणार हेही स्पष्ट लिहावे, कारण ‘गणपतीला गावी’ म्हटले की आदल्या शुक्रवारी माणूस दुपारनंतर दिसणार नाही असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात व्हाइटफिल्ड किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीहून सणाच्या शुक्रवारी यशवंतपूर स्थानक गाठायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागतो, तेव्हा दोन तास लवकर निघण्याची परवानगी लागणार असेल तर तीही येथेच मागून घ्यावी.

ही विचारणा पाठवण्याआधी एक काम करावे. आपल्या गटात हुबळी, धारवाड, बेळगाव, कोल्हापूरकडचे आणखी कोणी असतील तर त्यांच्याशी आधी बोलावे. सर्वांनी एकाच आठवड्याची रजा मागितली तर साहेबांना कोणाला तरी नाकारावेच लागते, आणि जो शेवटी विचारतो तो अडकतो. सरळ व्यवहार असा करता येतो की गणपतीला मी जातो, त्या दिवसांचे तुझे काम दिवाळीत मी पाहीन. असे ठरले असेल तर ते विचारणेत एका ओळीत नमूद करावे, कारण साहेबांचा निम्मा प्रश्न त्यातच सुटतो.

रजेचा प्रकारही येथेच ठरवावा. किरकोळ रजा बहुतेक ठिकाणी सलग दोन-तीन दिवसांहून अधिक घेता येत नाही आणि तिला अर्जित रजा जोडता येत नाही, त्यामुळे चार दिवसांसाठी अर्जित रजाच योग्य. आधी सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाची बदली रजा शिल्लक असेल तर तिची मुदत पाहून ती प्रथम वापरावी. आजारपणाच्या रजेचा आधार घेऊ नये. दोन महिने आधी काढलेले तिकीट असताना ठरल्या तारखेला ताप येतो, ही गोष्ट कार्यालयात सर्वांना कळते.

संमतीचे उत्तर १० जुलैपर्यंत आले नाही तर काय करावे? माझ्या मते आठवण करून द्यावी आणि तरीही १३ तारखेला तिकीट काढावे. रजा नाकारली गेल्यास रद्द करण्याची वजावट सोसता येते, पण त्या सकाळी हुकलेली जागा नंतर मिळत नाही. मात्र तिकीट काढल्यावर ‘तिकीट झाले आहे, आता रजा द्याच’ असा सूर लावू नये. तिकीट हा तारखेचा पुरावा आहे, रजेचा हक्क नव्हे.

२२ जुलैनंतरचा रीतसर अर्ज

परतीचे तिकीट हातात आले की त्याच दिवशी पोर्टलवर अर्ज भरावा आणि विचारणेच्या जुन्या ईमेलला उत्तर म्हणून पुढील मजकूर पाठवावा, म्हणजे संमतीचा धागा एकाच जागी राहतो.

> आपल्या संमतीनुसार तिकिटे काढली आहेत. जाणे: शुक्रवार ११ सप्टेंबर, रात्रीची गाडी, कन्फर्म. परतणे: रविवार २० सप्टेंबर, रात्रीची गाडी, कन्फर्म. अर्जित रजा १५ ते १८ सप्टेंबर, चार दिवस; कामावर हजर होण्याचा दिवस सोमवार २१ सप्टेंबर. रजेच्या काळात माझ्याकडील काम कोण पाहील हे ४ सप्टेंबरपर्यंत लेखी कळवीन. गाडीला उशीर झाल्यास २१ ला सकाळी ८ पूर्वी कळवून दुसऱ्या सत्रात हजर होईन.

तिकिटाचा फोटो जोडण्याची सहसा गरज नसते. मागितलाच तर पीएनआर क्रमांक आणि सहप्रवाशांची नावे झाकून द्यावा, कारण पीएनआरवरून प्रवासाचा बराच तपशील कोणालाही पाहता येतो. पोर्टलवर अर्ज भरताना ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या रकान्यांत प्रवासाच्या तारखा पडल्या की प्रणाली ११ ते २० अशी रजा मोजते. तेथे फक्त १५ आणि १८ भरायच्या असतात. अर्ज पाठवण्याआधी खाली दिसणारी एकूण दिवसांची संख्या वाचावी. ती चार नसेल तर पुढे जाऊ नये.

बेळगावच्या उद्यमबागसारख्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्याला हाच प्रश्न उलट दिशेने पडतो, म्हणजे त्याला सणाला दुसऱ्या शहरातील मूळ गावी जायचे असते. त्याने रजेबरोबर परतीच्या दिवशी दुसरी पाळी मागून घ्यावी. सकाळी उतरून पहिल्या पाळीवर धावण्यापेक्षा ते सुरक्षित असते, आणि पाळ्यांचा तक्ता लागण्याआधी सांगितले तर मुकादमालाही अडचण होत नाही.

वेटिंग तिकिटावर रजा मागू नये

१ मे २०२५ पासून वेटिंगचे तिकीट घेऊन स्लीपर किंवा वातानुकूलित डब्यात प्रवास करता येत नाही. आरएसी असेल तर बसायला जागा मिळते आणि प्रवास होतो. ते तिकीट रजेच्या दृष्टीने पक्के धरावे. ऑनलाइन काढलेले वेटिंगचे तिकीट आरक्षणाचा तक्ता लागल्यावरही कन्फर्म झाले नाही तर आपोआप रद्द होते.

याचा परिणाम दोन टोकांना सारखा नसतो. जाण्याचे तिकीट वेटिंगवर राहून शुक्रवारी हुकले, तरी रजा मंगळवारी सुरू होत असल्यामुळे मध्ये तीन दिवस आहेत. बसने जाता येते, शनिवारी जाता येते, रजेच्या अर्जातील एकही अक्षर बदलावे लागत नाही. परतीचे हुकले तर मात्र सोमवारची रजा वाढते आणि वर दाखवल्याप्रमाणे चाराची रजा सातवर जाते. म्हणून दोहोंपैकी एकच तिकीट पक्के मिळणार असेल तर ते परतीचे असावे. बेंगळूरला सुरू होणाऱ्या गाडीत सुटण्याच्या स्थानकाचा कोटा मोठा असतो आणि `GNWL` प्रकारचे वेटिंग पुढे सरकण्याची शक्यता अधिक असते. मधल्या स्थानकावरून चढणाऱ्याला अनेकदा `PQWL` किंवा `RLWL` मिळते, जे फार कमी सरकते. परतीच्या तिकिटावर ही अक्षरे दिसली तर ते कन्फर्म होईल अशा आशेवर सप्टेंबरपर्यंत थांबू नये. जुलैतच शनिवार रात्र किंवा रविवारची दिवसाची गाडी पक्की करावी.

तत्काळ कोटा गाडी सुटण्याच्या स्थानकावरील तारखेच्या आदल्या दिवशी उघडतो, वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी १० वाजता आणि स्लीपरसाठी ११ वाजता. ऑनलाइन काढायचे असल्यास त्यालाही आधार प्रमाणित खाते लागते. रविवारच्या परतीसाठी तो शनिवारी उघडेल, म्हणजे तेथे हुकल्यावर कळवायला फक्त रविवार उरतो. शिवाय कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केल्यास पैसे परत मिळत नाहीत. त्यामुळे तत्काळच्या आशेवर कामावर हजर होण्याचा दिवस लिहून देऊ नये.

रजा अर्धवट मंजूर झाली किंवा फिरवली गेली तर

चार दिवस मागितले आणि दोनच मंजूर झाले, हे वारंवार घडते. अशा वेळी कोणते दोन हे आपण सुचवावे. १५ आणि १६ ची रजा घेतली तर १७-१८ ला कामावर यावे लागते आणि विसर्जन हुकते; शिवाय परतीची नवी तिकिटे आठवड्याच्या मध्यात शोधावी लागतात. १५ व १६ ला गावातून काम आणि १७ व १८ ला रजा, अशी उलट मागणी केली तर काढलेली दोन्ही तिकिटे तशीच राहतात. घरून काम करण्याची सोय नसलेल्या नोकरीत मात्र हा मार्ग बंद आहे. तेथे प्रतिष्ठापनेला राहून मंगळवारी १५ च्या रात्री परतणे आणि एकाच दिवसाची रजा वापरणे, किंवा १४ झाल्यावर परतून विसर्जनाला गुरुवारी १७ च्या रात्री पुन्हा येणे, असे पर्याय उरतात. दुसऱ्यात भाडे आणि दगदग दुप्पट असते, म्हणून मी तो सुचवणार नाही.

मंजूर रजा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कामाच्या कारणाने फिरवली गेली, तर आधी जुलैची संमती दाखवून तोटा किती होतो ते आकड्यांत सांगावे: तिकिटाचे इतके पैसे जातात, आणि नव्या तारखेला जागा शिल्लक नाही. त्यानंतर मधला मार्ग द्यावा, म्हणजे रोज सकाळी ठराविक दोन तास फोनवर उपलब्ध राहणे किंवा एक दिवस बेळगावहून काम करणे. कुटुंब एकाच तिकिटावर असेल तर सगळे तिकीट रद्द करू नये. फक्त आपले नाव रद्द करता येते आणि बाकीचे ठरल्याप्रमाणे जाऊ शकतात. कन्फर्म तिकीट आपल्याऐवजी आई, वडील, भाऊ, बहीण, पती, पत्नी, मुलगा किंवा मुलगी यांच्या नावावर करण्याची सोयही आहे. त्यासाठी गाडी सुटण्याच्या २४ तास आधी ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा घेऊन आरक्षण कार्यालयात अर्ज द्यावा लागतो.

परतीची सकाळ

रात्रीची गाडी सोमवारी पहाटे ते सकाळच्या दरम्यान बेंगळूरला पोहोचते, आणि सणानंतरच्या रविवारी उशीर झाला तर तो गाडीतच कळतो. सकाळी नऊची बैठक त्या दिवशी स्वीकारू नये. पहिली बैठक अकरानंतर ठेवण्याची विनंती जुलैतील ईमेलमध्येच केलेली बरी. तुमकूर येईपर्यंत गाडी तासभराहून अधिक मागे असेल तर तेथूनच संदेश पाठवावा, त्यात गाडीचे नाव, सध्याचे स्थानक आणि हजर होण्याची नवी वेळ एवढेच लिहावे. दुसऱ्या सत्रात हजर होण्याची सवलत अर्जात आधी मागितलेली असेल तर हा संदेश माहिती म्हणून पुरतो, आणि हजेरीत अर्धा दिवस लागला तरी मधल्या शनिवार-रविवारची रजा त्याला जोडली गेली नाही ना, हे महिन्याच्या पगारपत्रकात तपासावे.